भिजवलेला सुका मेवा, मऊ भाकरी आणि पाणी: वृद्धांच्या बद्धकोष्ठतेवरचा आहार

आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा शौचाला होणे, मल खड्यांसारखा कडक असणे, जोर करावा लागणे आणि उठल्यावरही पोट साफ झाले नाही असे वाटत राहणे, यांतल्या तक्रारी तीन महिन्यांहून अधिक काळ टिकल्या की तिला जुनाट बद्धकोष्ठता म्हणतात. रोज सकाळी एकदा व्हायलाच हवे, ही समजूत मात्र खरी नाही. एक दिवसाआड पण मऊ आणि विनासायास होत असेल तर त्यावर उपचाराची गरज नसते.

साठी-सत्तरीनंतर ही तक्रार वाढते, त्यामागे वयाबरोबर आणखीही बऱ्याच गोष्टी असतात. हालचाल कमी होते, तहानेची जाणीव मंदावते, आणि औषधांची संख्या वाढते. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या, रक्तदाबावरची अम्लोडिपिनसारखी काही औषधे, ट्रामाडॉलसारखी वेदनाशामके यांनी मलावरोध वाढू शकतो. पण घरात सहसा लक्षात न येणारे कारण दातांचे असते. दात पडले किंवा कवळी नीट बसेना की भाकरी, उसळ, पालेभाजी, फळे एकेक करून ताटातून निघून जातात आणि उरतो तो मऊ भात, चहात बुडवलेला टोस्ट, बिस्किटे आणि दूध. हे सगळे चावायला सोपे, पण यात चोथा जवळजवळ नसतो.

चोथा म्हणजे धान्य, कडधान्य, भाज्या आणि फळे यांतला लहान आतड्यात न पचणारा भाग. त्यातला काही पाण्यात फुगून बुळबुळीत होतो आणि मल मऊ ठेवतो; फळांतले पेक्टिन आणि इसबगोल या प्रकारात येतात. दुसरा धान्याच्या कोंड्यासारखा असतो. तो विरघळत नाही, मलाचा आकार वाढवतो आणि त्या आकारामुळे मोठे आतडे त्याला पुढे ढकलते. दोन्ही प्रकारांचे काम पाणी धरून ठेवण्यावर चालते. म्हणून चोथा वाढवला आणि पाणी तेवढेच ठेवले तर पोट फुगते, मल आणखी घट्ट होतो, आणि घरातले म्हणतात की भाकरी बाधली. ज्येष्ठांना दिवसाला साधारण २५ ते ३० ग्रॅम चोथा पुरतो.

भिजवलेल्या फळांचा उपयोग इथे होतो, पण भिजवल्याने चोथा वाढतो असे नाही. भिजवल्यामुळे सुके फळ चावता येते, एवढाच त्याचा हेतू, आणि वृद्धांसाठी तोच महत्त्वाचा आहे. सुके अंजीर, काळ्या मनुका आणि सुकवलेले आलुबुखार ही तीन फळे सोयीची. आलुबुखार दुकानात प्रून या नावाने मिळते. त्यात चोथ्याबरोबर सॉर्बिटॉल नावाची एक साखर असते. ती आतड्यात पूर्ण शोषली जात नाही आणि स्वतःकडे पाणी ओढते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत दिवसातून दोनदा ५० ग्रॅम प्रून खाणाऱ्यांना तेवढाच चोथा इसबगोलातून घेणाऱ्यांपेक्षा अधिक आराम पडला. वयस्क माणसाला एवढी मात्रा लागतेच असे नाही. तीन-चार फळांपासून सुरुवात करावी.

फळे आधी धुऊन घ्यावीत. अंजीर उभे चिरून आत कीड नाही ना हे पाहावे. मग अर्धा कप प्यायच्या पाण्यात रात्रभर भिजवावीत. उन्हाळ्यात वाटी फ्रिजमध्ये ठेवावी, नाहीतर सकाळपर्यंत पाण्याला आंबूस वास येतो. सकाळी फळे त्याच पाण्यासकट खावीत, कारण विरघळलेली साखर आणि सॉर्बिटॉल त्या पाण्यात उतरलेले असते. ते पाणी ओतून देण्याची सवय अनेक घरांत आहे आणि ती निष्कारण आहे. बियांच्या मनुकांची बी कवळीखाली अडकते, तेव्हा बी काढून घ्यावी. चावणे अगदीच जमत नसेल तर सगळे मिक्सरमध्ये फिरवून दाट चटणीसारखे करावे. चोथा तसाच राहतो; फक्त गाळू नये.

धान्याच्या बाबतीत आकडे बोलके आहेत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७च्या तक्त्यांप्रमाणे १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम, बाजरी, नाचणी आणि गव्हाच्या कणकेत सुमारे ११ ग्रॅम चोथा असतो, तर पॉलिश केलेल्या तांदळात आणि मैद्यात जेमतेम ३ ग्रॅम. कणीक बारीक चाळणीने चाळली की कोंडा चाळणीतच राहतो आणि हा फायदा बराचसा वाया जातो. भाकरी दातांना जड वाटते यावर जुना उपाय आहेच: पीठ उकळत्या पाण्यात मळून भाकरी पातळ थापावी, ताजी असतानाच आमटीत किंवा ताकात कुस्करावी आणि दहा मिनिटे मुरू द्यावी. गव्हाच्या दलियाची भाज्या घालून केलेली सैल खिचडी आणि नाचणीची आंबील हेही पर्याय आहेत. शेवग्याच्या शेंगांतला चोथा मात्र हिशेबात धरू नये, तो चघळून टाकलाच जातो.

एक नमुना घेऊ. वय ७४, वजन ५२ किलो, वरची कवळी, रक्तदाब आणि कॅल्शियमच्या गोळ्या, मधुमेह नाही, मूत्रपिंड व हृदय ठीक. शौचाला आठवड्यातून दोनदा. दिवसाचा आहार असा: सकाळी चहा-टोस्ट, नंतर पोहे, दुपारी वरण-भात, दुधीची भाजी आणि चाळलेल्या कणकेची एक पोळी, चार वाजता चहा-बिस्किटे, रात्री दूधभात आणि एक केळे. यात चोथा भरतो सुमारे १३ ग्रॅम. पाणी, चहा, दूध सगळे धरून एक लिटरच्या आत.

बदललेला दिवस असा होतो. उठल्यावर एक पेला कोमट पाणी, मग दोन अंजीर, दहा मनुका आणि तीन प्रून त्यांच्या पाण्यासह. यातून साधारण ४ ग्रॅम चोथा मिळतो. नाश्त्याला ४० ग्रॅम दलियाची गाजर-मटार घातलेली खिचडी, ५ ग्रॅमच्या आसपास. चहा त्यानंतर. अकराच्या सुमारास वाटीभर पिकलेली पपई, ४ ग्रॅम, आणि एक पेला पाणी. दुपारी ५० ग्रॅम पिठाची एक ज्वारीची भाकरी, २० ग्रॅम अख्ख्या मुगांची मऊ शिजवलेली उसळ, मेथी किंवा पालकाची परतलेली भाजी आणि पेलाभर ताक. हे जेवण एकटेच ११ ग्रॅम देते. चार वाजता चहा आणि थोड्या वेळाने पाणी. रात्री लवकर मुगाच्या डाळीची सैल खिचडी, लाल भोपळ्याची भाजी आणि टोमॅटोचे सार, साडेचार ग्रॅम. एकूण साडेअठ्ठावीस. भात बंद झालेला नाही, रात्रीच्या खिचडीत तो आहेच. मात्र दिवसाचा मुख्य भार भाकरी आणि मुगाने उचलला आहे.

हा बदल एका दिवसात केला तर तो हमखास फसतो. १३ ग्रॅमवरून थेट २८वर गेल्यास गॅस होतो, पोट दुखते आणि तिसऱ्या दिवशी सगळे बंद पडते. पहिल्या आठवड्यात फक्त पाणी आणि भिजवलेली फळे वाढवावीत. दुसऱ्या आठवड्यात दुपारच्या भाताऐवजी आणि पोळीऐवजी भाकरी आणावी, तिसऱ्यात उसळ, प्रथम चार चमचे आणि मग वाटी, चौथ्यात नाश्त्याचा दलिया. कडधान्य भिजवून, भिजवलेले पाणी टाकून नव्या पाण्यात शिजवले की गॅस कमी होतो. एका वहीत शौचाची तारीख आणि मलाचे स्वरूप लिहावे. सुटे खडे आणि भेगाळलेला घट्ट मल हे पाणी किंवा चोथा कमी पडल्याचे लक्षण. गुळगुळीत, मऊ लांबट मल म्हणजे आहार जमला. पातळ होऊ लागले तर प्रून कमी करावीत.

पाण्याचा प्रश्न वेगळा सोडवावा लागतो, कारण अनेक वृद्ध पाणी मुद्दाम टाळतात. रात्री लघवीला उठावे लागेल, अंधारात पडायला होईल, ही त्यांची भीती रास्त असते. त्यांना नुसते 'जास्त पाणी पी' म्हणून सांगण्यात अर्थ नाही. पाण्याची वेळ बदलावी लागते. वृद्ध स्त्रियांना पेयांमधून दिवसाला सुमारे १.६ लिटर आणि पुरुषांना २ लिटर द्रव पुरतात, आणि त्यात ताक, चहा, सार, दूध सगळे मोजले जाते. त्यातला बहुतेक भाग संध्याकाळी सहापर्यंत पोटात गेला पाहिजे. वरच्या नमुन्यात सकाळचे पाणी, फळांचे पाणी, दोन चहा, ताक, सार आणि जेवणाबरोबरचे पाणी मिळून साधारण दीड लिटर होते. तहान लागण्याची वाट पाहू नये. सकाळी दोन ठरलेल्या बाटल्या भरून ठेवल्या की किती उरले ते दिसते.

नाश्त्यानंतर अर्ध्या तासात मोठे आतडे जोरात हलते. तेवढ्या वेळात शौचास बसावे, कमोड असेल तर पायाखाली छोटे पाट किंवा स्टूल घ्यावे, आणि दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त बसून जोर करू नये. आहाराने पुरेसे भागत नसेल तर इसबगोल चालते, पण एक चमचा पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्यावे आणि वर आणखी पाणी घ्यावे. कोरडे घेतल्यास किंवा आडवे असताना घेतल्यास ते घशात फुगून अडकू शकते. गिळायला त्रास असणाऱ्यांना ते देऊ नये. इतर औषधे आणि इसबगोल यांत दोन तासांचे अंतर असावे. बाजारातल्या पुष्कळ चूर्णांत सोनामुखी असते. ती आतड्याला उत्तेजित करते, आणि रोज घेतले जाणारे चूर्ण डॉक्टरांना सांगायलाच हवे.

हा आहार प्रत्येकाला जसाच्या तसा लागू होत नाही. मधुमेहात सुक्या फळांची साखर मोठी ठरते; तिथे मनुका वगळून, अंजीर-प्रून मोजकेच ठेवून पेरू किंवा पपईच्या फोडी घ्याव्यात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर सुक्या फळांतले पोटॅशियम धोक्याचे ठरू शकते, आणि हृदय किंवा मूत्रपिंड कमकुवत असेल तर पाण्याचे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे. वॉरफरिन घेणाऱ्यांनी पालेभाजी एकदम वाढवू नये.

अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीला किंवा मल घट्ट होऊन आत अडकलेला असताना चोथा वाढवणे हे उलट त्रासाचे. अनेक दिवस शौच नाही आणि मध्येच पातळ पाण्यासारखे गळते, हे जुलाब समजून त्यावर औषध दिले जाते. प्रत्यक्षात तो अडकलेल्या मलाच्या बाजूने झिरपणारा द्रव असू शकतो. तिथे आधी अडथळा काढावा लागतो. मलात रक्त, कारण नसताना वजन घटणे, उलटी, पोट टणक फुगणे, किंवा पूर्वी ठीक असलेली सवय काही आठवड्यांत अचानक बदलणे, यांपैकी काहीही दिसले तर आहार बदलत बसू नये. डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी.