फोटोवरून नळाचे कार्ट्रिज ओळखताना

एकाच दांडीने गरम आणि गार पाणी सोडणाऱ्या मिक्सर नळाच्या आत प्लॅस्टिकचे एक नळकांडे बसवलेले असते. त्यात सिरॅमिकच्या दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर सरकतात आणि पाण्याची वाट उघडतात किंवा बंद करतात. हेच कार्ट्रिज. दांडी पूर्ण खाली दाबूनही तोटीतून थेंब गळत राहिले, तर दोष बहुधा कार्ट्रिजमध्ये असतो. फिरत्या तोटीच्या बुडाशी पाणी झिरपत असेल तर तिथली रबरी रिंग गेलेली असते, आणि धार बारीक झाली असेल तर आधी तोटीच्या टोकाची जाळी काढून धुवावी. या दोन दुखण्यांसाठी कार्ट्रिज शोधण्याची गरज नसते.

दुकानदाराला नळाचा बाहेरून काढलेला फोटो दाखवला, तर त्याला फार तर कंपनी आणि नळाचा प्रकार कळतो. दिसायला सारख्या दोन नळांत वेगळी कार्ट्रिजे असू शकतात. उलट अनेक उत्पादक कार्ट्रिज बाहेरून घेत असल्याने वेगळ्या कंपन्यांच्या नळांत एकच कार्ट्रिजही सापडते. म्हणून खरा उपयोगी फोटो सुट्या कार्ट्रिजचा.

ते काढण्यापूर्वी बेसिनखालचे दोन्ही अँगल कॉक बंद करून दांडी उचलावी, म्हणजे नळातले उरलेले पाणी निघून जाते. बेसिनच्या भोकावर फडके टाकावे. दांडीवरची लाल-निळी टिकली उचकटली की खाली बारीक स्क्रू दिसतो; तो बहुतेकदा ॲलन कीने सुटतो. दांडी, तिच्याखालची घुमटाकार टोपी आणि मग पितळी नट निघतो. कार्ट्रिज उपसण्याआधी ते कसे बसले आहे, याचा वरून एक फोटो काढून ठेवावा.

सर्रास आढळणारी मापे 35 आणि 40 मिलिमीटर व्यासाची आहेत, छोट्या नळांत 25 चेही असते. फोटोत सर्वांत जास्त फसगत इथेच होते. समजा, 35 मिलिमीटरचे कार्ट्रिज टेबलावर उभे आहे, त्याचा नट खाली बसणारा रुंद कडा टेबलापासून 4 सेंटिमीटर वर आहे, शेजारी पट्टी पडली आहे आणि मोबाइल टेबलापासून 20 सेंटिमीटरवर धरून वरून फोटो काढला आहे. कडा पट्टीपेक्षा कॅमेऱ्याच्या जवळ असल्याने पाचचतुर्थांश पट मोठा दिसतो, आणि पट्टीवर वाचले तर माप जवळजवळ 44 येते. दुकानदार अर्थातच 40 चे देईल. कार्ट्रिज आडवे ठेवून, मोबाइल मीटरभर लांब नेऊन, झूम करून फोटो काढला की ही चूक मिलिमीटरभराच्या आत येते. त्याहून सोपा उपाय कागदाच्या पट्टीचा. ती अंगाभोवती गुंडाळून खूण करावी. घेर 11 सेंटिमीटर भरला तर व्यास 35, साडेबाराच्या आसपास भरला तर 40. हा आकडा फोटोसोबत लिहून द्यावा.

व्यास जुळला तरी काम संपत नाही. कार्ट्रिज उलटे करून बुडाचा सरळ वरून फोटो घ्यावा. तिथे रबरी सील लावलेली भोके आणि जागेवर अडकणारे दोन खुंटे असतात. काहींचे बूड सपाट असते, तर काहींचे उंचावलेले असते आणि पाणी बाजूच्या फटींतून बाहेर पडते. चुकीच्या बुडाचे कार्ट्रिज नट आवळल्यावर बसल्यासारखे वाटते, पण सील जागेवर येत नाही आणि पाणी खालून झिरपत राहते. वरच्या चौकोनी दांड्याची जाडी आणि उंचीही मोजावी. तो आखूड असला तर दांडी टोपीला घासते आणि नळ पूर्ण उघडत नाही.

पाव फेऱ्यात उघडणाऱ्या नळात कार्ट्रिजऐवजी पितळी स्पिंडल असते. त्याच्या टोकावरचे दाते मोजण्यासाठी एका दात्यावर पेनने खूण करून बरोबर वरून फोटो घ्यावा. इथे अर्धा इंच या मापाने गोंधळ होतो. अर्धा इंची आट्यांचा बाहेरचा व्यास सुमारे 21 मिलिमीटर भरतो. वॉल मिक्सरची गरम आणि गार बाजूची स्पिंडले अनेकदा उलट दिशांना फिरतात, म्हणून कोणत्या बाजूचे हवे तेही सांगावे.

भिंतीत गाडलेल्या शॉवर डायव्हर्टरचे बहुतेक सुटे भाग त्या त्या कंपनीचेच लागतात. तिथे झाकणपट्टीवरचे नाव, जुने बिल किंवा खोक्यावरचा मॉडेल क्रमांक फोटोपेक्षा लवकर काम करतो.

दुकान जवळ असेल तर सुटा भागच खिशात घालून न्यावा. नवे बसवल्यावर नळ गळत नाही याची खात्री होईपर्यंत जुने कार्ट्रिज फेकू नये.