आई-वडिलांची खिदमत आणि नोकरीची वेळ : शेठचा शब्द कसा पारखावा?

आपल्या कापड बाजारात दिवाणजीची किंवा हिशेबनीसाची जागा रिकामी झाली की शेठ लोक सर्रास सांगतात, "घरचा माणूस समजून राहा, वेळेचं काही नाही." घरी आजारी वालिद किंवा अम्मी असलेला तरुण हे ऐकून हुरळतो आणि दुसऱ्या महिन्यात पगार कापून हातात पडला की गप्प बसतो. यात शेठची नियत नेहमीच खोटी असते असे मी म्हणणार नाही. पुष्कळदा त्यालाच ठाऊक नसते की आपल्या दुकानातले कोणते काम थांबू शकते आणि कोणते थांबू शकत नाही.

प्रथम कायद्याचे सांगतो, म्हणजे गैरसमज राहणार नाही. 2007 साली ज्येष्ठ नागरिकांचा जो कायदा झाला त्याने आई-वडिलांच्या चरितार्थाची जबाबदारी मुलांवर टाकली. परंतु त्या मुलाला खासगी मालकाकडे वेळ बदलून मागण्याचा हक्क त्यात दिलेला नाही. तेव्हा सवलत मिळायची ती मालकाच्या शब्दावरच, आणि म्हणून तो शब्द पारखून घेणे आले.

नोकरी शोधण्याआधी घरच्या आजाराचा हिशेब करावा. डायलिसिसचा रुग्ण असेल तर आठवड्यातून बहुधा तीन वेळा, दर वेळी सुमारे चार तास, वार आणि वेळ ठरलेली. ही गैरहजेरी महिनाभर आधी सांगता येते. उलट स्मृतिभ्रंश झालेले वडील दुपारी दार उघडून बाहेर पडले, तर शेजाऱ्याचा फोन येताच उठून पळावे लागते. पहिल्या माणसाला ठरलेली सुट्टी हवी, दुसऱ्याला कोणत्याही क्षणी उठण्याची मुभा हवी. दोघांना एकच नोकरी चालणार नाही. दुसऱ्याने तर काउंटरची किंवा माल रवाना करण्याची नोकरी धरूच नये. घरी बसून वह्या लिहिण्याचेच काम पाहावे.

आता हिशेबाच्या कामातला भेद पाहा. परराज्यात 50 हजारांच्या वरचा माल निघाला की ई-वे बिल आधी बनवावे लागते. ट्रान्सपोर्टची गाडी संध्याकाळी भरते, ती तुमच्या अम्मीचे डायलिसिस संपेपर्यंत थांबणार नाही. पण खरेदीची बिले चढवणे, 14 तारखेला पोर्टलवर येणाऱ्या जीएसटीआर-2बीशी ती ताडून पाहणे, पार्टीची उधारी काढणे, ही कामे रात्री इशानंतर घरी बसूनही होतात. त्यांना घड्याळ नसते, तारीख असते. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्याला जीएसटीआर-1 साठी 11 आणि 3बी साठी 20 तारीख. वर्षाला 5 कोटींपर्यंत उलाढाल असलेला व्यापारी तिमाही विवरणपत्राची पद्धत घेऊ शकतो. तिथे कराचे पैसे दरमहा भरावे लागतात खरे, पण विवरणपत्राची धावपळ तीन महिन्यांनी येते. फावल्या वेळात काम करणाऱ्याने असे लहान व्यापारी आधी गाठावेत.

भिवंडीतील माझ्या ओळखीच्या एका तरुणाचे उदाहरण देतो. बी.कॉम. झालेला, अम्मीचे डायलिसिस मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी दुपारी 1 वाजता. बाराला घर सोडायचे, परत यायला सहा. त्यानंतर अम्मीला इतका थकवा की रात्री एकटे ठेवता येत नाही. एका ग्रे कापडाच्या पेढीने 15 हजार पगार सांगितला आणि "जा-ये करत जा" म्हटले. मी त्याला म्हटले, पगार नंतर मोज, आधी तिथल्या जुन्या नोकराला विचार की अर्धा दिवस गेला तर काय कापतात. उत्तर आले, अर्धी हजेरी. 15 हजाराला 26 ने भागले तर दिवसाचे 577 रुपये. अर्ध्या दिवसाचे 288 च्या वर. महिन्यात 13 डायलिसिस धरले तर 3,750 रुपये गेले. म्हणजे ती नोकरी 15 हजारांची नव्हतीच, सव्वाअकरा हजारांची होती.

मग त्याने शेठला एकच प्रश्न विचारला : "मंगळवारी दुपारी तीनला गाडी लागली तर ई-वे बिल कोण बनवील?" या प्रश्नाच्या उत्तरात सगळे कळते. शेठने एखाद्याचे नाव घेतले तर सवलत खरी. "बघू, तू फोनवर सांगशील ना" असे उत्तर आले तर समजावे की तुम्ही रुग्णालयातही त्याच दुकानात बसलेले असणार. इथे उत्तर दुसरेच, म्हणजे फोनचेच, आले. तरीही मुलाने दोन दिवस काम करून पाहिले. गुरुवारी डायलिसिसच्या वेळेत दुकानातून सात फोन आले.

या प्रश्नाचा एक पोटभाग आहे, तोही विचारावा : ओटीपी कुणाच्या मोबाइलवर येतो? पुष्कळ पेढ्यांत शेठला कटकट नको म्हणून जीएसटीच्या खात्याला नोकराचाच नंबर लावलेला असतो. तो नंबर तुमचा झाला की रजा संपली. ई-वे बिलाच्या पोर्टलवर मालकाला दुसऱ्या माणसासाठी वेगळा उप-वापरकर्ता काढून देता येतो. त्याला काही खर्च नाही. जो शेठ एवढे करायला तयार नाही, त्याच्याकडे दुसरा माणूस आहे असे मानू नये.

शेवटी या मुलाने तयार कपड्यांच्या एका कारखान्यात सकाळी 9 ते 11.30 ची जागा घेतली, पगार 9 हजार, आणि दोन लहान व्यापाऱ्यांच्या वह्या प्रत्येकी अडीच हजारांवर घरी घेतल्या. एकूण 14 हजार. पण कारखान्यालाही त्याने आधी 5 ते 20 तारखेपर्यंत तात्पुरते काम करून पारखले. हे दिवस मुद्दाम निवडले, कारण 11 आणि 20 या दोन्ही तारखा त्यात येतात. महिन्याच्या शेवटच्या थंड आठवड्यात कुठलाही मालक दिलदार वाटतो. 19 तारखेला, गुरुवारी, मालकाने त्याला साडेअकराला "जा, अम्मी वाट पाहत असतील" म्हणून स्वतः उठवले आणि राहिलेली बिले पुतण्याला दिली. मग त्याने हो म्हटले आणि वार, वेळ व न कापण्याचा पगार या तीन गोष्टी मालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवल्या. मालकाने "ठीक" एवढेच उत्तर दिले. ते जपून ठेवले आहे.

रमजानचा शेवटचा पंधरवडा आणि दिवाळीआधीचे दिवस मात्र वेगळे. त्या काळात आमच्यापैकी चांगले मालकही शब्दाला थोडे कच्चे पडतात, हे व्यापारी म्हणून मी कबूल करतो. म्हणून त्या दिवसांचे आधीच वेगळे बोलून घ्यावे. हवे तर इतर दिवशी जास्त तास देण्याची तयारी दाखवावी, पण डायलिसिसचा वार सोडू नये.

आमच्या भगिनी घरी धागे कापण्याचे किंवा टिकल्या लावण्याचे नगावरचे काम घेतात, त्यांनाही "वेळ तुमची" असेच सांगितले जाते. तिथे एवढेच पाहावे की ठेकेदार गठ्ठा कधी टाकतो आणि कधी उचलतो. रात्री टाकून सकाळी नेणारा असेल, तर सासूबाईंना औषध देण्याची वेळ आणि गठ्ठा संपवण्याची वेळ एकच येणार. दोन रात्री मध्ये सोडणारा ठेकेदार नगामागे थोडे कमी देत असला, तरी त्याचेच काम घ्यावे.