ऑफिसचं खातं फोनमधून काढण्याआधी

नाशिकमधला एक औषध विक्री प्रतिनिधी उदाहरणादाखल घेऊ. फोन त्याचा स्वतःचा, पण नोकरीवर रुजू झाला त्याच आठवड्यात कंपनीच्या आयटी विभागानं त्यावर ऑफिसचं गुगल खातं जोडून दिलं. पुढं काही वर्षं तो नंबर सेव्ह करत राहिला: डॉक्टर, केमिस्ट, स्टॉकिस्ट आणि त्यांच्याच रांगेत गॅसवाला, मुलीच्या स्कूलबसचा ड्रायव्हर, आईचे फिजिओथेरपिस्ट. नोकरी सुटली, रिलीव्हिंग लेटर हातात आलं आणि त्यानं फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन ऑफिसचं खातं काढून टाकलं. संध्याकाळी फोन वाजला तेव्हा स्क्रीनवर नाव नव्हतं, नुसते आकडे होते. व्हॉट्सॲपवरचं बोलणं जागच्या जागी होतं, पण त्यातलीही कितीतरी नावं जाऊन नंबर उरले होते.

फोन बिघडलेला नव्हता. आपण नंबर 'फोनमध्ये' सेव्ह केला असं म्हणतो, पण बहुतेक वेळा तो एखाद्या खात्यात सेव्ह होतो: जीमेलच्या, आयक्लाउडच्या किंवा ऑफिसच्या. फोनवर त्या खात्याची प्रत दिसते. खातं काढलं की प्रत जाते, मूळ नोंद कंपनीच्या सर्व्हरवर राहते. संपर्कांच्या ॲपमध्ये सगळ्या खात्यांची नावं एकाच यादीत मिसळून दिसत असल्यामुळं कुठलं नाव कुठल्या खात्याचं, हे वर्षानुवर्षं लक्षातच येत नाही. नवा नंबर कुठल्या खात्यात जायचा हे एकदा ठरलं की फोन तेच धरून चालतो.

म्हणून खातं काढायच्या आधी निवडानिवड करायची, आणि तीही ऑफिसनं खातं बंद करण्यापूर्वी, म्हणजे नोटिस पिरियडमध्येच. अँड्रॉइडवर गुगलचं Contacts ॲप उघडून वरच्या उजव्या कोपऱ्यातल्या गोल चित्रावर बोट ठेवलं की खात्यांची नावं येतात. ऑफिसचं खातं निवडलं की त्या एका खात्यातलेच संपर्क समोर येतात. या प्रतिनिधीनं ही यादी आधी पाहिली असती, तर शेकडो डॉक्टर-केमिस्टांमध्ये दडलेली घरगुती नावं त्याला सापडली असती. अशा नावांवर खुणा करून मेनूतला Move to another account हा पर्याय घ्यायचा आणि आपलं जीमेल निवडायचं. नाव ऑफिसच्या खात्यातून निघून आपल्या खात्यात येतं. मग संगणकावर contacts.google.com उघडून, आपल्या खात्यानं आत जाऊन, ती नावं खरोखर आली आहेत ना हे पाहायचं. फोनवर दिसतात यावर विसंबायचं नाही. फोन दोन्ही खाती एकत्र दाखवतो, म्हणूनच तर घोटाळा होतो.

आयफोनवर रस्ता थोडा वेगळा आहे. तिथं आधी सेटिंगमधल्या Contacts विभागात Default Account म्हणून आयक्लाउड निवडायचं. आयओएस 16 पासून Contacts ॲपच्या Lists पानावर ऑफिसच्या यादीवर बोट दाबून धरलं की Export मिळतं. त्यातून फाइल बनवायची, ती उघडून आयक्लाउडमध्ये घ्यायची आणि तिथं फक्त आपली माणसं ठेवायची.

इथं एक चूक हमखास होते. ऑफिसची नावं नकोत म्हणून माणसं ती एकेक करून डिलीट करतात. खातं जोडलेलं असताना डिलीट केलेलं नाव फक्त फोनवरून जात नाही, कंपनीच्या सर्व्हरवरूनही जातं. कॅलेंडरचंही तसंच: आपण ठरवलेली मीटिंग पुसली तर ती इतरांच्याही कॅलेंडरमधून जाऊ शकते. कंपनीचा डेटा जाताना पुसला, असा आरोप त्यातून ओढवू शकतो. उलट खातंच काढलं तर सर्व्हरवरचं काहीच हलत नाही. म्हणून आपली नावं आधी हलवायची, मग खातं अख्खं काढायचं. मधल्या साफसफाईच्या फंदात पडायचं नाही. ग्राहकांची यादी मात्र कंपनीची. ती गुपचूप आपल्या जीमेलमध्ये घेणं हा नोकरीच्या करारातल्या गोपनीयतेच्या अटीचा भंग ठरू शकतो.

आता खातं काढणं. ते कसं काढायचं हे ऑफिसनं ते कसं जोडलं होतं यावर अवलंबून आहे. साधं जोडलेलं असेल तर सेटिंगमधल्या खात्यांच्या यादीत जाऊन Remove account म्हटलं की झालं. पण फोनमधल्या काही ॲपच्या चिन्हावर छोटी ब्रीफकेस दिसत असेल, तर ती वर्क प्रोफाइल आहे. ही सोय अँड्रॉइड 5.0 मध्ये, 2014 साली आली. फोनमध्येच एक वेगळा कप्पा असतो, त्यातले मेल, ॲप आणि संपर्क वेगळे राहतात. Remove work profile केलं की तो कप्पा आतल्या सगळ्यासकट जातो, घरचे फोटो आणि ॲप जागेवर राहतात. कंपनीनं दुरून पुसलं तरी पुसला जातो तो कप्पाच. मात्र त्यातल्या ऑथेंटिकेटर ॲपमध्ये आपल्या खासगी खात्यांचे कोड ठेवले असतील तर तेही जातात. ते आधी बाहेरच्या ॲपवर घ्यावे लागतात. आयफोनवर हेच काम General मधल्या VPN & Device Management या पानावरून होतं.

जुन्या पद्धतीनं जोडलेलं खातं जास्त जपून हाताळावं लागतं. सेटिंगच्या सुरक्षा विभागात Device admin apps नावाची यादी असते. तिथं ऑफिसचं मेल ॲप चालू दिसलं तर त्यावर बोट ठेवून त्याला कुठले अधिकार दिलेत ते वाचावं. त्यात Erase all data ही ओळ असेल, तर कंपनीला दुरून अख्खा फोन कोरा करता येतो, लग्नाच्या फोटोंसकट. एक्स्चेंज मेलच्या नव्या व्यवस्थेत फक्त खातं पुसण्याची सोय आली आहे, पण जुना पर्याय गेलेला नाही. म्हणून असा अधिकार दिसला, तर फोटो आणि संपर्कांचा बॅकअप घेतल्याशिवाय पुढं जाऊ नये. कित्येकदा खातं काढायचं बटण दाबलंच जात नाही, ते याच परवानगीमुळं. ती इथं बंद केली की मग खातं निघतं.

निघाल्यावर खात्री कशी करायची? खात्यांच्या यादीत ऑफिसचा पत्ता नसावा, ब्रीफकेसची चिन्हं गेलेली असावीत, कॅलेंडरमध्ये जुन्या मीटिंग दिसू नयेत आणि घरच्या चार माणसांचे नंबर नावासकट दिसावेत. एखादं नाव उरलं आहे पण त्याचा दुसरा नंबर गायब आहे, असंही होतं. त्या माणसाची अर्धी नोंद एका खात्यात आणि अर्धी दुसऱ्यात होती, फोन त्या जोडून दाखवत होता.

नाशिकच्या त्या प्रतिनिधीसारखं आधीच खातं काढून बसलेल्यांनाही एक वाट आहे. कंपनीनं खातं बंद केलेलं नसेल तर ते फोनवर पुन्हा जोडायचं. सगळी नावं परत येतात, मग निवड करून पुन्हा काढायचं. खातं बंद झालं असेल तर एचआरला मेल करून फक्त खासगी नंबर मागायचे, आणि लवकर मागायचे. गुगल वर्कस्पेसमध्ये डिलीट केलेला वापरकर्ता ॲडमिनला 20 दिवसांच्या आतच परत आणता येतो.