काढून टाकलेला लॅम्प परत येतो तेव्हा

ऑनलाइन दुकानाच्या कार्टमध्ये तुम्ही एक पुस्तक आणि एक टेबल लॅम्प टाकता. लॅम्प महाग वाटतो, म्हणून काढून टाकता. थोड्या वेळाने एक किटली घालता, आणि पाहता तर लॅम्प पुन्हा कार्टमध्ये हजर! आपल्याला वाटतं, काढायचं बटण नीट दाबलं गेलं नसेल. पण ॲमेझॉनच्या इंजिनिअरांनी २००७ साली आपल्या ‘डायनॅमो’ या डेटा साठवण्याच्या यंत्रणेवर निबंध प्रसिद्ध केला, त्यात चक्क लिहिलं आहे की काढलेली वस्तू क्वचित परत उगवू शकते. ही गोष्ट त्यांच्या नजरेतून सुटलेली नव्हती. त्यांनी ती जाणूनबुजून चालवून घेतली होती.

का, ते समजायला आधी दुसऱ्या टोकाची यंत्रणा पाहावी लागते. तुमच्या खात्यातून बहिणीच्या खात्यात पाचशे रुपये जातात. एकीकडून वजा आणि दुसरीकडे जमा, ही दोन्ही कामं व्हायला हवीत, नाहीतर एकही नको. रक्कम अधांतरी असताना तिसऱ्या कुणाला तो अर्धवट हिशेब दिसू नये. खात्याचे नियम मोडू नयेत. आणि ‘झालं’ म्हटल्यावर वीज गेली तरी नोंद पुसली जाऊ नये. या चार हमींच्या इंग्रजी आद्याक्षरांतून थिओ हेर्डर आणि आंद्रेआस रॉयटर यांनी १९८३ मध्ये ‘ॲसिड’ हा शब्द जुळवला. डेटाबेस एकाच यंत्रावर असेल तर या हमी देणं अवघड असलं तरी आटोक्यातलं असतं.

अडचण सुरू होते ती डेटाच्या प्रती अनेक यंत्रांवर ठेवल्या की. आणि त्या ठेवाव्याच लागतात, कारण हजारो यंत्रं असली की त्यातलं कुठलंतरी कधीही बंद पडलेलं असतं. आता एक प्रत बदलली आणि बाकीच्यांपर्यंत जाणारी वाट मध्येच तुटली, तर करायचं काय? बदल घ्यायचा नाही आणि ग्राहकाला थांबवायचं, किंवा बदल घ्यायचा आणि प्रतींमध्ये काही काळ फरक पडू द्यायचा. बर्कलीच्या एरिक ब्रूअरने २००० साली हा पेच एका भाषणात मांडला आणि दोनच वर्षांत सेथ गिल्बर्ट व नॅन्सी लिंच यांनी तो गणिताने सिद्ध केला. वाट तुटलेली असताना या दोन्हींतून सुटेल असा तिसरा रस्ता नाही.

दुसरा पर्याय घेणाऱ्यांच्या पद्धतीला ब्रूअर आणि त्याचे सहकारी १९९७ पासूनच ‘बेस’ म्हणत होते. सेवा बहुतेक वेळ चालू राहील, साठवलेली स्थिती मधल्या काळात पक्की नसेल, आणि नवे बदल थांबले की यथावकाश सगळ्या प्रती सारख्या होतील, असा त्याचा अर्थ. आम्लासमोर आम्लारी बसवायची म्हणून आद्याक्षरं ओढूनताणून जुळवली आहेत, हे सरळ दिसतं. पण विनोद चांगला असल्यामुळे शब्द टिकला.

आता लॅम्पकडे येऊ. समजा, तुमच्या कार्टच्या प्रती अ, ब आणि क या तीन यंत्रांवर आहेत. डायनॅमोत नेहमीची मांडणी अशी, की तिघांपैकी दोघांनी ‘लिहिलं’ म्हटलं की बदल पक्का धरायचा, आणि वाचतानाही दोघांना विचारायचं. तिघांतल्या कुठल्याही दोन जोड्यांत एक यंत्र सामाईक असतंच, त्यामुळे ताजी नोंद सहसा हाती लागते.

पण नेटवर्क तुटतं. अ एकीकडे पडतं, ब आणि क दुसरीकडे. तुम्ही लॅम्प काढता तेव्हा तुमची विनंती अ कडे जाते. अ ला ब सापडत नाही, पण शेजारचं ड सापडतं. ड म्हणतं, ब परत येईपर्यंत त्याच्या नावची नोंद मी सांभाळतो. दोन सह्या झाल्या, बदल पक्का: कार्टमध्ये फक्त पुस्तक. मग तुम्ही किटली घालता, आणि ही विनंती नेमकी ब कडे जाते. ब आणि क ला लॅम्प काढल्याचं ठाऊकच नाही. त्यांच्या लेखी कार्टमध्ये आता पुस्तक, लॅम्प आणि किटली. इथेही दोन सह्या झाल्याच.

नेटवर्क जुळल्यावर दोन कार्ट समोरासमोर येतात. कोणतं नंतरचं, हे घड्याळ पाहून ठरवता येईल, पण यंत्रांची घड्याळं तंतोतंत जुळत नाहीत, आणि जुळली तरी एक कार्ट फेकून दिलं तर किटली तरी जाईल किंवा लॅम्प काढल्याची खूण तरी. म्हणून डायनॅमो प्रत्येक नोंदीसोबत कुणी किती वेळा बदल केला याचा हिशेब ठेवतं. मूळ कार्टवर ‘अ:१’ होतं. लॅम्प काढलेल्यावर ‘अ:२’ आणि किटलीवाल्यावर ‘अ:१, ब:१’ आहे. पहिल्यात ब चा बदल नाही, दुसऱ्यात अ चा दुसरा बदल नाही. म्हणजे कोणतंच दुसऱ्याचं वाढवलेलं रूप नाही, दोघांची वाट वेगळी झालेली आहे. असं दिसलं की डायनॅमो स्वतः निवाडा करत नाही, दोन्ही कार्ट दुकानाच्या प्रोग्रामकडे सोपवतं. तो प्रोग्राम दोन्हींतल्या सगळ्या वस्तू एकत्र करतो. घातलेली वस्तू यात कधीच हरवत नाही, पण काढलेला लॅम्प परत येतो.

मला या यंत्रणेत सगळ्यांत आवडणारी गोष्ट हीच आहे. दोन चुकांपैकी कोणती परवडते, हे कार्टचा अर्थ ज्याला कळतो तो ठरवतो. नको असलेला लॅम्प ग्राहक पैसे देण्याआधी पुन्हा काढू शकतो. पण ‘कार्टमध्ये घाला’ दाबल्यावर ‘नंतर प्रयत्न करा’ दिसलं, तर तो दुसऱ्या दुकानात जातो. त्या निबंधात एका दिवसाची मोजणीही आहे: ९९.९४ टक्के वेळा कार्टची एकच आवृत्ती वाचायला मिळाली. आणि आवृत्त्या वाढायचं कारण बहुधा माणसं नव्हती, एकाच वेळी भराभर लिहिणारे स्वयंचलित प्रोग्राम होते.

तुटलेली वाट हे एकच कारण नाही. ॲमेझॉनचं एक पान तयार व्हायला तेव्हा दीडशेहून अधिक छोट्या सेवांना विचारावं लागे. प्रत्येक सेवा शंभरात एकदाच रेंगाळली, तरी दीडशेही जणी वेळेत उत्तर देतील अशी पानं शंभरात सुमारे बावीसच निघतात. हजारात एकदा रेंगाळली तर शहाऐंशी. म्हणून तिथे मोजमाप सरासरीवर होत नाही, ९९.९ टक्के विनंत्यांवर होतं. दर वेळी सगळ्या प्रतींचं एकमत होईपर्यंत थांबायचं, तर सगळ्यांत मंद यंत्र पानाचा वेग ठरवणार.

याची किंमत मात्र कुठेतरी मोजावीच लागते. डायनॅमोत एका वेळी एकाच नोंदीला हात लावता येत होता. दोन खात्यांतला व्यवहार त्यात बसतच नाही. गोदामातली शेवटची वस्तू दोघांना विकली गेली, तर दोन्ही ऑर्डरी एकत्र करून वस्तू दोन होत नाहीत, तिथे कुणालातरी नाही म्हणावंच लागतं. शिवाय दोन आवृत्त्या कशा जुळवायच्या हे प्रत्येक प्रोग्रामरला लिहावं लागतं, आणि ते काम वाटतं तितकं सोपं नाही.

म्हणूनच नंतरच्या यंत्रणांनी ही निवड वापरणाऱ्याच्या हातात दिली. ॲमेझॉनने २०१२ मध्ये बाजारात आणलेल्या डायनॅमोडीबीत वाचताना `ConsistentRead=true` असं सांगितलं तर ताजीच नोंद मिळते. काही न सांगता वाचलं तर कदाचित किंचित शिळी मिळते, पण निम्म्या दरात. २०१८ पासून अनेक नोंदींचा ॲसिड पद्धतीचा व्यवहारही तिथे करता येतो, आणि त्यातल्या वाचनाला ताज्या वाचनाच्या दुप्पट दर पडतो.