बंगळुरूची रेघ

बंप चार्टमध्ये आडव्या अक्षावर फेऱ्या असतात आणि उभ्या अक्षावर क्रमांक, पहिला सर्वांत वर. प्रत्येक संघाची एक रेघ. दोन रेघा एकमेकींना छेदल्या की जागांची अदलाबदल झाली. २०२४च्या आयपीएलमध्ये बंगळुरूने पहिल्या आठपैकी सात सामने गमावले, म्हणून तिची रेघ तळाशी रेंगाळते. मग सलग सहा विजयांनी ती चौथ्या क्रमांकापर्यंत चढते. दहा रेघांतली हीच ठळक रंगवावी, बाकीच्या करड्या. नाहीतर नुसता गुंता. मात्र हा चार्ट अंतर लपवतो. चौथा ते सातवा, चारही संघांचे गुण १४च होते. क्रम ठरला तो नेट रनरेटवर. चेन्नई आणि बंगळुरूत फरक होता जेमतेम ०.०६७चा, पण चार्टवर दिसते अख्खी एक पायरी.