थ्रीडी प्रिंटरच्या बेडची वायर: फ्यूजला न दिसणारी आग

आष्ट्यात अभियांत्रिकी शिकणाऱ्या आणि खोलीवर थ्रीडी प्रिंटर चालवणाऱ्या मित्रांनो, २४ व्होल्टचा २४० वॅटचा बेड १० अँपिअर करंट ओढतो. कनेक्टरमधला क्रिंप सैल होऊन तिथे फक्त ०.०५ ओहम रोध आला, तरी त्या एवढ्याशा जागेत ५ वॅट उष्णता निर्माण होते. त्या उष्णतेने धातू काळवंडतो, रोध आणखी वाढतो आणि शेवटी प्लास्टिक वितळतं.

कुणी म्हणेल, फ्यूज आहे की! पण सैल जोडाने करंट वाढत नाही, उलट किंचित घटतो. मग फ्यूज उडणार कसा? फर्मवेअरचं तापमान-संरक्षणही बेडचा सेन्सर वाचतं, कनेक्टर नव्हे. म्हणून डोळ्यांनी आणि हातांनी तपासणं हाच उपाय. प्लग काढा, बेड थंड होऊ द्या, बेडची आणि नोझल-हीटरची प्रत्येक वायर हलकेच ओढून पाहा. प्लास्टिक तपकिरी किंवा वायरचं आवरण कडक झालेलं दिसलं, तर कनेक्टर बदला. नुसता स्क्रू आवळून भागत नाही. स्क्रू-टर्मिनलमध्ये सोल्डर लावलेलं टोक कधीच नको. दाबाखाली सोल्डर हळूहळू पसरतं आणि जोड पुन्हा सैल होतो. तिथे फेरूल क्रिंप करा.

तुमच्या जोडाबद्दल शंका असेल तर फोटोसह विचारा. तोवर प्रिंटर बंद ठेवा.