राखीव निधी आणि तरतूद

चोपड्यातील ज्या सभासदाने आपल्या सहकारी संस्थेचा वार्षिक अहवाल वर्षानुवर्षे वाचला आहे, त्याला ‘राखीव निधी’ म्हणजे काय हे विचारावे लागत नाही; महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ६६ अन्वये निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा ज्यात वर्ग होतो तो हा निधी, अर्थात झालेल्या नफ्यातूनच बाजूस ठेवलेली रक्कम. अमेरिकन हिशेबनिसांच्या रूढ भाषेत मात्र ‘रिझर्व्ह’ हा शब्द संशयित येण्यांपोटी केलेल्या वजावटीलाही लावतात. समजा, येणे १० लक्षांचे असून त्यांपैकी १ लक्ष बुडेल असा अंदाज आहे; हा १ लक्ष नफा ठरण्यापूर्वीच खर्ची पडतो आणि ताळेबंदात येणे ९ लक्षांचे उरते. येथे मराठी भाषांतरात ‘राखीव निधी’ लिहिल्यास अपेक्षित नुकसान हेच वाचकाला संस्थेचे बळ वाटू लागेल. म्हणून ‘संशयित येण्यांसाठी तरतूद’ हेच योग्य. निर्णय शब्दकोशावरून नव्हे, तर रक्कम नफ्याच्या आधी वजा झाली की नफ्यातून वर्ग झाली, हे पाहून करावा.

उलट दिशेने अडचण येते, आणि ती आपल्याच घरची आहे. कित्येक पतसंस्था बुडीत व संशयित कर्ज निधी देणे बाजूस, राखीव निधीच्या शेजारीच दाखवितात, आणि कर्जे पूर्ण रकमेने येणे बाजूस. असा ताळेबंद इंग्रजीत नेताना रकमांची जागा बदलण्याचा मोह होतो. परंतु तो अखत्यार भाषांतरकाराचा नव्हे; आकडे जागच्या जागी ठेवून खुलासा तळटीपेत करावा.